भिंतीवर चढणारं पाणी

आजचा भाग माझ्या घरातल्या एका भिंतीबद्दल आहे. हसू नका, खरंच भिंतीबद्दल.

आमचं घर हर्सूलला. जुनं बांधकाम आहे, खाली दगडी जोतं आणि वर मातीत रचलेली वीट. पावसाळ्यात तलाव भरला की आमच्या भागातली जमीन महिनोन् महिने ओलीच राहते. आजीच्या खोलीतली उत्तरेची भिंत तर दरवर्षी कमरेपर्यंत ओली होते, पोपडे निघतात, आणि ओलीच्या वरच्या कडेला पांढरी पावडर फुटते. आजीला दमा आहे, त्यामुळे त्या खोलीतला कुबट वास हा आमच्याकडे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने आतून सिमेंटचा गिलावा केला आणि वर वॉटरप्रूफ पेंट मारला. "दहा वर्षं बघायला नको, साहेब." पुढच्या सप्टेंबरमध्ये ओल पेंटच्या वरच्या कडेच्याही वर निघाली. आधी ती जमिनीपासून ९६ सेंटिमीटरवर थांबायची, आता १३१ वर गेली. मी तेव्हा अकरावीला होतो आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात पृष्ठताण आणि विष्यंदिता वाचत होतो. पाणी अडवायला पैसे दिले आणि पाणी वर चढलं, हे मला तेव्हा अजिबात पटेना.

आता मुळात पाणी वर चढतंच कसं, ते बघू. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, मुख्यतः हायड्रोजन बंधांमुळे. या आपसातल्या ओढीला संसक्ती म्हणतात. पण वीट, काच, चुना यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले गट असतात आणि पाण्याला त्यांचीही ओढ असते. ही परक्याची ओढ म्हणजे आसंजन. परक्याची ओढ पुरेशी जोरदार असेल तर पाणी त्या पृष्ठभागावर पसरतं. बारीक नळीत ते कडेकडेने वर सरकतं, मग पृष्ठताण मधल्या पाण्यालाही सोबत ओढून घेतो. नळीतल्या पाण्याचं वजन या ओढीइतकं झालं की चढणं थांबतं. याचंच नाव केशाकर्षण.

सूत्र एकदाच सांगतो:

```
h = 2T cosθ / (r ρ g)
```

`T` म्हणजे पृष्ठताण, `r` नळीची त्रिज्या, `ρ` द्रवाची घनता, आणि `θ` म्हणजे पाणी भिंतीला ज्या कोनात टेकतं तो स्पर्शकोन. स्वच्छ काचेवर पाण्यासाठी तो जवळजवळ शून्य असतो. पाण्यापुरती एक सोपी युक्ती लक्षात ठेवा: १५ ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागा, उंची मिलिमीटरमध्ये मिळते. १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी दीड सेंटिमीटर चढेल, ०.१ मिलिमीटरच्या नळीत १५ सेंटिमीटर.

विटेतली छिद्रं याहून फार बारीक असतात. समजा त्रिज्या ०.००५ मिलिमीटर धरली. १५ भागिले ०.००५, म्हणजे ३००० मिलिमीटर. तीन मीटर! म्हणजे आमची भिंत थेट छतापर्यंत ओली व्हायला हवी. मग ती ९६ सेंटिमीटरवर का थांबते?

मी इथेच अडकलो होतो. सूत्र सांगतं ती जास्तीत जास्त शक्य उंची, आणि तीही पाणी कुठूनही उडून जात नसेल तर. खरी भिंत मात्र सतत वाळत असते. खालून पाणी चढतं, बाजूने वाफ होऊन जातं. जितकं वर जाल तितकी पाण्याला जास्त लांब वाट कापावी लागते, त्यामुळे वरपर्यंत पोचणारं पाणी कमी होत जातं. ज्या उंचीवर पोचणारं सगळं पाणी उडून जातं तिथे ओल थांबते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते तिथेच मागे राहतात. म्हणून पांढरी पावडर नेमकी वरच्या कडेला.

आता ठेकेदाराने काय केलं ते बघा. त्याने पाण्याचा खालचा रस्ता तसाच ठेवला आणि बाजूची बाहेर पडायची वाट बंद केली. उडून जायला जागा राहिली नाही, म्हणून पाणी जागा शोधत वर गेलं. त्याला दोष देऊन उपयोग नाही, हा उपाय सर्रास केला जातो.

यानंतर मी भिंतीवर पेन्सिलीने दर महिन्याला खूण करायला लागलो. आई ओरडली, पण आधीच पोपडे निघालेल्या भिंतीवर आणखी एका रेघेने काय फरक पडतो? सप्टेंबरमध्ये १३१, जानेवारीत १२४, मे महिन्यात १०३. उन्हाळ्यात ओल खाली येते हे आजीला आधीपासून माहीत होतं. मी पुस्तकातून उत्तर काढलं: तापमान वाढलं की पृष्ठताण कमी होतो, म्हणून पाणी कमी चढतं. परीक्षेत हे लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते. पण आकडे घातले तर ते टिकत नाही.

पाण्याचा पृष्ठताण २० अंशाला ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, ४० अंशाला ६९.६. म्हणजे जेमतेम साडेचार टक्के घट. माझी रेघ तर एकवीस टक्क्यांनी खाली आली होती. विष्यंदिता मात्र, म्हणजे वाहायला होणारा विरोध, त्याच वीस अंशांत १.०० वरून ०.६५ मिलिपास्कल-सेकंदावर येते, पस्तीस टक्के घट! एकाच पाण्यात, एकाच रेणूंच्या ओढीतून आलेले हे दोन गुणधर्म, आणि उष्णतेला इतकं वेगळं का वागतात?

पृष्ठताण आधी घेऊ. पाण्याच्या आतल्या रेणूला चारही बाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने नसतात. त्यामुळे पृष्ठभाग वाढवायला ऊर्जा लागते, आणि तीच पृष्ठताणाच्या रूपात दिसते. २० चं पाणी ४० ला नेलं तरी शेजारी साधारण तेवढेच राहतात, ओढही थोडीशीच सैल होते. म्हणून पृष्ठताण हळूहळू, जवळपास सरळ रेषेत उतरतो. तो शून्य होतो ३७४ अंश सेल्सिअसला, जिथे द्रव आणि वाफ यांतला फरकच उरत नाही.

विष्यंदितेचं तसं नाही. द्रव वाहतो तेव्हा प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांच्या पकडीतून सुटून पुढच्या जागेत शिरावं लागतं. भरलेल्या एसटीत दाराकडे सरकताना करतो तसंच. त्यासाठी एक ठरावीक ऊर्जा लागते, आणि ती सगळ्या रेणूंकडे एका वेळी नसते. तापमान थोडं वाढलं तरी ती ऊर्जा असलेल्यांचं प्रमाण बरंच वाढतं. सरासरी ओढ फारशी बदलत नाही, पण सुटू शकणारे वाढतात. म्हणून विष्यंदिता भराभर पडते.

ग्लिसरीन घ्या, हा फरक आणखी उघडा पडेल. त्याच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे तीनतीन ठिकाणी हायड्रोजन बंध. २० अंशाला त्याची विष्यंदिता पाण्याच्या साधारण चौदाशे पट, पण पृष्ठताण ६३, म्हणजे पाण्यापेक्षाही कमी. "आंतररेण्वीय बल जास्त, म्हणून दोन्ही जास्त" हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो. ते अर्धंच खरं आहे. आणि हेच ग्लिसरीन ४० अंशाला नेलं की विष्यंदिता जवळपास पाचव्या हिश्शावर येते.

तर भिंतीकडे परत. उन्हाळ्यात पाणी पातळ होतं, म्हणजे ते विटेतून जास्त वेगाने चढायला हवं. हिशेब असा: बारीक छिद्रांतून ठरावीक वेळात पाणी किती लांब जाईल हे पृष्ठताण भागिले विष्यंदिता याच्या वर्गमुळावर ठरतं. २० वरून ४० ला हे सुमारे २१ टक्क्यांनी वाढतं. मग रेघ वर जायच्या ऐवजी खाली का आली?

कारण बाष्पीभवन त्याहून जोरात वाढतं. पाण्याचा बाष्पदाब त्याच वीस अंशांत तिपटीहून जास्त होतो, आणि मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. शिवाय तोवर जमिनीतलं पाणीही खाली गेलेलं असतं. पावसाळ्यात उलटं, हवा आधीच दमट, जमीन भरलेली, म्हणून रेघ वर. तेव्हा रेघ खाली आणण्यात पृष्ठताणाचा वाटा सगळ्यात छोटा होता. माझं पुस्तकी उत्तर दिशेने बरोबर होतं आणि कारणात चुकीचं.

उपाय काय केला? गेल्या मार्चमध्ये दुसरे एक मिस्त्री काका आले. त्यांनी आधी खात्री केली की हे गळक्या नळाचं पाणी नाही. नळाची ओल एका जागी डाग धरते आणि ऋतूप्रमाणे बदलत नाही. छताचं पाणी वरून खाली येतं. जमिनीतून चढणारी ओल भिंतभर साधारण एका पातळीत दिसते आणि वर क्षाराची कड असते. मग सिमेंटचा गिलावा आणि पेंट खरवडून काढला, चुन्याचा गिलावा केला, म्हणजे भिंतीला पुन्हा श्वास घेता येईल. आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, दर १२ सेंटिमीटरला एक अशी भोकं पाडून त्यांत सिलेन क्रीम भरलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे क्रीम. ते छिद्रं बुजवत नाही. विटेच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनवाल्या गटांना ते रासायनिक बंधाने चिकटतं आणि बाहेरच्या बाजूला तेलकट शेपट्या ठेवतं. पाण्याला त्या शेपट्यांची ओढ नाही. स्पर्शकोन ९० अंशांच्या वर जातो, `cosθ` ऋण होतो, आणि सूत्रातली उंचीही ऋण. म्हणजे त्या पट्ट्यात तीच छिद्रं पाण्याला खाली ढकलतात. पृष्ठताण तोच, त्रिज्या तीच, फक्त परक्याची ओढ काढून घेतली.

पण काकांनी दोन गोष्टी आधीच सांगितल्या. बाहेरची माती त्या भोकांच्या रेषेच्या वर असेल तर काही उपयोग नाही, पाणी बाजूने आत येतं. आमच्याकडे मागच्या बाजूला माती साचली होती, ती दीड फूट खणून काढावी लागली. आणि भिंतीत आधीच साठलेले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यात भिंत थोडी दमट लागणारच.

तसंच झालं. या सप्टेंबरला भिंत हाताला गार लागते, पण गिलावा सुटलेला नाही आणि ओलीची रेघ ३८ वर आहे. आजी म्हणते, "वास गेला बघ." मी जानेवारीत परत मोजणार आहे.