तंदूरवाल्या दादाचं कव्हर लेटर

आज एका पानाच्या पत्राबद्दल बोलू. आमच्या नांदेडचा एक दादा, अकरा वर्षं तंदूरवर उभा. आधी लातूरला हेल्पर, मग इथे हेड कूक. त्याला दुबईच्या एका हॉटेलात अर्ज करायचा होता. त्यानं पहिलं लेटर मला दाखवलं. त्यात काय? 'मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, सगळं जेवण बनवतो.'

आता बघा, गडबड इथंच होते. मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये 'सगळं' बनवणारा कुणीच नसतो. तिथं प्रत्येकाचा सेक्शन ठरलेला असतो. वाचणाऱ्या शेफला एवढंच कळायला हवं की ह्या माणसाला कुठे उभं करायचं.

मग आम्ही बसून हिशोब काढला. शनिवारी रात्री किती प्लेट जातात? दादा म्हणाला, "दीडशेच्या आसपास." हाताखाली किती पोरं? दोन. मॅरिनेशन कोण करतं? "मीच की." झालं, हाच लेटरचा मधला पॅरा. 'तंदूर सेक्शन, अकरा वर्षं. गर्दीच्या दिवशी दीडशे प्लेट. कणीक, मॅरिनेशन आणि दोन हेल्परचं काम माझ्याकडे.'

पुढची ओळ स्वच्छतेची. कच्चं चिकन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, पाच डिग्रीच्या खाली. दादा हे रोज करतोच, पण लिहायचं सुचलंच नव्हतं! त्यानं एफएसएसएआयचं फॉस्टॅक ट्रेनिंग केलेलं, तेही घातलं.

पद कोणतं मागायचं यावर आमचा वाद झाला. दादाला 'हेड शेफ' लिहायचं होतं. मी म्हटलं, साठ खुर्च्यांच्या हॉटेलचा हेड कूक तिकडे सहसा कमी १ किंवा डेमी शेफ द पार्टी म्हणून धरला जातो. जाहिरातीत जे पद, तेच पहिल्या ओळीत लिही. दादाला ते थोडं लागलं, खरं सांगतो. पण ट्रायलला बोलावलं की लेटरमधलं प्रत्येक वाक्य भट्टीसमोर करून दाखवावं लागतं. कॉन्टिनेंटल लिहिलं आणि सॉस जमला नाही, तर तंदूरवरचा विश्वासही जातो.

तारखांनी मात्र घाम काढला. पगार रोखीत, कागद काहीच नाही. मालकाकडून लेटरहेडवर लिहून घेतलं तर त्यात एक वर्ष कमी पडलेलं! ते दुरुस्त करून मगच लेटरमध्ये तीच तारीख घातली.

शेवटच्या ओळीत पासपोर्टची मुदत आणि किती दिवसांत निघू शकतो ते. दादा दहावी नापास, म्हणून पासपोर्ट ईसीआर. म्हणजे यूएईला कामाला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागणार. त्याला वेळ लागतो, तेव्हा 'लगेच येतो' असं लिहिलं नाही. 'क्लिअरन्स मिळाल्यावर' असं लिहिलं. एजंटचं लायसन्स emigrate.gov.in वर तपासलं आणि काल रात्री मेल गेला.