आपापला फीड



मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी एक कबुली देतो. २०१९ मध्ये आपल्या ग्रुपवर कुणाचं प्रमोशन, कुणाचा परदेशातला फोटो आला की मी ‘अभिनंदन’ टाकायचो आणि रात्री दोनपर्यंत जागा असायचो. दहावीनंतर आयटीआय टर्नर करून मी इथेच अंबड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर झालो होतो. वाटायचं, गाडी सुटली.

गंमत अशी की अंबानींचा मला कधी हेवा वाटला नाही. तुमचा वाटायचा. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं, की माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो. आपण एकाच बाकावरून निघालो, म्हणून तुमचं पुढे जाणं माझं मागे पडणं वाटायचं.

मी दोन गोष्टी केल्या. ग्रुप सोडला नाही, फक्त म्यूट केला आणि रविवारीच उघडायचा ठरवलं. दुसरं, एक वही केली. नवीन जॉब मशीनवर सेट करायला किती वेळ लागला आणि पहिला पीस पास होईपर्यंत किती रिजेक्ट झाले, एवढंच त्यात लिहायचं. जानेवारीत तीन तास आणि पाच पीस. जूनमध्ये पावणेदोन तास आणि एक पीस. तुलना थांबली नाही, पण आता ती जानेवारीतल्या माझ्याशी होती. झोप हळूहळू परत आली.

पण ऑगस्ट ते ऑक्टोबर वहीत तोच आकडा, पावणेदोन तास. मी म्हणायचो, ‘माझी गती वेगळी आहे.’ पानं नीट पाहिली तेव्हा कळलं, मी फक्त ओळखीचे जॉब घेत होतो. बोअरिंगचा जॉब आला की दुसऱ्याकडे सरकवायचो. ती गती नव्हती, टाळाटाळ होती. शिफ्ट संपल्यावर सेटरदादांजवळ थांबून बोअरिंग आणि प्रोग्रॅम शिकलो. सेट करायचा वेळ आधी वाढला, मग उतरला. दोन वर्षांनी मी सेटर झालो.

लेथवर स्टेनलेस स्टीलला माइल्ड स्टीलचा स्पीड दिला तर टूल जळतं. पण टूल जळेल या भीतीने फीडच दिला नाही, तर टूल नुसतं घासतं, जॉब होत नाही. हे दोन्ही मी स्वतःवर करून पाहिलंय.

ज्यांची झोप वहीनेही परत येणार नाही, त्यांनी लाजू नये, डॉक्टरांना भेटावं. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते.

आज तुमचं ‘अभिनंदन’ मी मनापासून करतो. एवढंच सांगायचं होतं.