जोडचित्राचं ऑल्ट टेक्स्ट: "हा खरा फोटो नाही" हे आधी सांगा

खडकीतून बोलतोय, त्यामुळे मागून रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. आज माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगतो.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. एकीकडे बापू गोखल्यांचं सैन्य, दुसरीकडे कंपनीची फौज. त्या दिवसानिमित्त मी एक चित्र तयार केलं. मागे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, हा माझ्या फोनवरचा खरा फोटो. पुढच्या हिरवळीवर एआयनं बनवलेले घोडेस्वार. वर धुराचं आभाळ, तेही एआयचं. आणि सगळ्यावर जुनाट तपकिरी रंग. कोपऱ्यात बारीक अक्षरात "एआय चित्र" असंही टाकलं, म्हटलं आपण प्रामाणिक आहोत. मग ऑल्ट टेक्स्टच्या रकान्यात घाईत लिहिलं: "खडकीची लढाई, मराठा घोडदळ."

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे चित्रामागे लिहिलेलं वर्णन. डोळ्यांना ते दिसत नाही, पण टॉकबॅक, व्हॉइसओव्हर, एनव्हीडीए असे स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतात.

माझा एक मित्र दृष्टिहीन आहे. त्यानं ते ऐकलं आणि चित्र भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी पाठवलं, वर लिहिलं, "लढाईचं जुनं चित्र." वर्गात बाईंनी विचारलं, "ही इमारत तेव्हा होती का गं?" नव्हतीच. तिचं बांधकाम १८६० च्या दशकात सुरू झालं. मित्राचा मला फोन आला: "अरे, तू कोपऱ्यात लिहिलं होतंस म्हणे. मला कोण सांगणार?"

बरोबर होतं त्याचं. कोपऱ्यातली अक्षरं म्हणजे चित्राचेच पिक्सेल. काही फोन चित्रातला मजकूर ओळखून वाचतात, पण बारीक, फिकट अक्षरं सुटतात. ज्याला दिसतं त्याला इमारत, रंग, शिक्का असे तीन इशारे मिळाले. माझ्या मित्राला एकही नाही, कारण त्याच्यासाठी माझं एक वाक्य म्हणजेच अख्खं चित्र होतं.

मग मी पुन्हा लिहायला बसलो. दुसरा प्रयत्न असा: "मराठा घोडेस्वार धुरातून दौडत येत आहेत, मागे उंच मनोऱ्याची दगडी इमारत. एआयनं बनवलेलं चित्र." मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "घोडेस्वार ऐकले की मी बोटानं पुढच्या पोस्टवर जातो. शेवटचं वाक्य माझ्यापर्यंत पोचतच नाही. आणि इमारतही एआयचीच का?"

यातून दोन गोष्टी कळल्या. कृत्रिम असल्याचं सुरुवातीलाच सांगायचं. एरवी "चा फोटो", "चे चित्र" असं ऑल्टमध्ये लिहू नये म्हणतात, कारण स्क्रीन रीडर ते चित्र आहे हे स्वतःच सांगतो. पण ते खरं की जोडलेलं, हे तो सांगत नाही, म्हणून इथे तो शब्द हवाच. दुसरी गोष्ट, नुसतं "एआय" पुरत नाही. जोडचित्रात अर्धं खरं असतं, म्हणून कोणता भाग कुठून आला ते भागाभागानं सांगायचं.

शेवटी हे ठरलं:

```html
<img src="khadki-1817.jpg" lang="mr"
alt="जोडचित्र, खरा फोटो नाही. मागे पुणे
विद्यापीठाची मुख्य इमारत, हा आजचा फोटो.
पुढे भाला घेतलेले सहा घोडेस्वार आणि वर
धूर, हे एआयनं बनवलेले. १८१७ मध्ये ही
इमारत नव्हती.">
```

`lang="mr"` मुळे, फोनवर मराठी आवाज असेल तर स्क्रीन रीडर तो वापरू शकतो. घोडेस्वारांना मी "मराठा" म्हटलं नाही, कारण त्यांचा पोशाख एआयनं मनानंच रचलाय. मी "मराठा" लिहिलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल तेव्हाचे स्वार असेच दिसायचे. लढाईचा इतिहास ऑल्टमध्ये कोंबला नाही. तो चित्राखालच्या ओळीत सगळ्यांनाच वाचता येतो.

एक अडचण मात्र उरते. हे वर्णन पानाच्या कोडमध्ये असतं. कुणी चित्र डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर टाकलं, की वर्णन मागेच राहतं. म्हणून "जोडचित्र, खरा फोटो नाही" हे शब्द मी आता चित्राखालीही लिहितो, आणि चित्र पाठवताना मेसेजमध्येही.

तपासायचं कसं? टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा, आणि फक्त पहिलं वाक्य ऐकून थांबा. तेवढ्यावर हे खरं की बनवलेलं ते कळलं नाही, तर वाक्यांचा क्रम बदला.

मित्राच्या भाचीनं प्रकल्पातलं चित्र ठेवलंय, खाली नवी ओळ लिहून. बाईंनी चालवून घेतलं म्हणे. भेटू पुढच्या भागात!