भ्रमाचा भोपळा आणि तंबोऱ्याचा भोपळा

आजचा भाग थोडा घरगुती आहे. मिरजेहून नागपूरला ट्रान्सपोर्टने मागवलेला माझा तंबोरा फुटला आणि त्याची भरपाई मला मिळाली. ती कशी मिळाली, ते आज सांगतो. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण कंपनी कुठलीही असली तरी गोष्ट साधारण अशीच घडते.

तंबोरा मी मिरजेत स्वतः जाऊन घेतला, ३० हजारांचा. रेल्वेच्या गर्दीत तो आणायची हिंमत नव्हती, म्हणून १२ जानेवारीला तिथल्याच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुक केला. भाडं ९०० रुपये. हातात बिल्टी आली. बिल्टी म्हणजे माल घेतल्याची पावती, काही जण तिला एलआर म्हणतात. तिच्यावर मालाची किंमत लिहून घ्या म्हणून कारागीरकाकांनी आग्रह धरला. मी मनात म्हटलं, कशाला एवढं? पण लिहून घेतली. शिवाय काका भोपळ्याभोवती कापूस आणि गोणपाट गुंडाळत होते, त्याचे मी फोटो काढले. ते खरं तर ताईला पाठवायला काढले होते. पुढे तेच सगळ्यात कामाला आले.

आठ दिवसांनी नागपूरच्या गोडाऊनमधून फोन आला. गेलो तर खोक्याचा खालचा कोपरा आत गेलेला. मी म्हटलं, इथेच उघडून दाखवा, म्हणजे ओपन डिलिव्हरी द्या. तिथला माणूस म्हणाला, "तसं आपल्याकडे नसतं दादा, आधी सही करा."

मित्रांनो, अर्धी केस इथेच हरली किंवा जिंकली जाते. डिलिव्हरीच्या कागदावर बहुतेक वेळा आधीच छापलेलं असतं, 'माल चांगल्या स्थितीत मिळाला'. त्याखाली गुपचूप सही केली, की नंतर कंपनी तोच कागद तुमच्यासमोर धरते. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगणं म्हणजेसुद्धा माल ताब्यात घेतल्याची सहीच. म्हणून मी सहीच्या वर पेनने लिहिलं: 'खोक्याचा खालचा कोपरा दबलेला आहे. आतला माल न तपासता घेतला. नुकसान आढळल्यास दावा करीन.' खाली तारीख आणि वेळ टाकली आणि त्या कागदाचा फोटो काढून घेतला. तो माणूस नाराज झाला, पण लिहू दिलं. लिहू दिलं नसतं, तर तिथेच उभं राहून कंपनीला तेच वाक्य ईमेल केलं असतं.

घरी आल्यावर खोकं उघडताना सलग व्हिडिओ घेतला. आधी बिल्टीचा नंबर, मग खोक्याच्या सहाही बाजू, मग दबलेला कोपरा, मग उघडणं. मध्ये एकदाही थांबवला नाही, कारण तुकड्या-तुकड्यांच्या व्हिडिओवर 'मधल्या वेळात तुम्हीच फोडलं' असं म्हणता येतं. भोपळ्याला तळाशी वीतभर तडा होता. खोकं, कापूस, गोणपाट, काही फेकलं नाही.

त्याच संध्याकाळी ईमेल केला. दोन दिवसांनी फोन आला. "बिल्टीवर 'माल मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का आहे, सर. तरी आम्ही ५०० रुपये देऊ." शिक्का होता खरा. माझ्या भ्रमाचा भोपळा तिथे फुटलाच असता, पण एका वकील मैत्रिणीने दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली. एवढ्या शिक्क्याने कंपनी सुटत नाही. सुप्रीम कोर्टाने २००० साली नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सांगितलंय, की 'मालकाच्या जोखमीवर' लिहिलं असलं तरी वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकू शकत नाही. शिवाय २००७ चा रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा कायदा आहे, कॅरेज बाय रोड ॲक्ट. त्यात कुरिअर कंपन्याही येतात. त्या कायद्यानुसार निष्काळजीपणा कसा झाला, हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. माल नीट दिला होता आणि फुटून मिळाला, एवढं दाखवायचं. मग कंपनी बहुतेक वेळा म्हणते, 'पॅकिंगच कच्चं होतं'. त्याला उत्तर म्हणजे माझे ते ताईसाठी काढलेले फोटो!

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. बुकिंगच्या वेळी जास्त जोखमीचा वेगळा दर भरला नसेल, तर या कायद्याखाली कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. माझं भाडं ९००, म्हणजे मर्यादा ९,०००. पूर्ण तंबोरा गेला असता तरी ३० हजार मागताना हीच भिंत आडवी आली असती. म्हणून महागडी वस्तू पाठवताना तो जादा दर किंवा विमा आधीच विचारा.

मी पूर्ण किमतीचा हट्ट धरला नाही. तंबोरा दुरुस्त होणार होता. काकांकडून लेखी अंदाज घेतला: नवा भोपळा, तारा आणि जवारी मिळून ७,५००. त्यात भाड्याचे ९०० धरले. दावा ८,४०० चा, मर्यादेच्या आत.

मग लेखी नोटीस. हिची तारीख नीट ऐका. बुकिंगच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते. माल मिळाल्या दिवसापासून नाही, बुकिंगपासून! माझी शेवटची तारीख होती ११ जुलै. मी फेब्रुवारीतच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. मजकूर साधा होता:

'बिल्टी क्रमांक अमुक, १२ जानेवारीला मिरजेहून नागपूरसाठी बुक केलेला तंबोरा आपल्या ताब्यात असताना फुटला. दुरुस्तीचे ७,५०० आणि भाड्याचे ९०० असे एकूण ८,४०० रुपये १५ दिवसांत द्यावेत. न दिल्यास ग्राहक आयोगात तक्रार करीन. पुराव्यांची यादी सोबत आहे.'

यादी अशी:

१. बिल्टी, दोन्ही बाजू, किंमत लिहिलेली
२. तंबोऱ्याचं बिल
३. पॅकिंग करतानाचे फोटो
४. शेरा लिहिलेल्या डिलिव्हरीच्या कागदाचा फोटो
५. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ आणि तड्याचे जवळून फोटो
६. कारागिराचा दुरुस्तीचा लेखी अंदाज
७. सगळे ईमेल, आणि फोन झाले त्यांच्या तारखा

प्रत्येक पुराव्याला नंबर टाकला आणि नोटिशीत तोच नंबर लिहिला. मूळ कागद कुणालाही दिले नाहीत, फक्त झेरॉक्स. मूळ व्हिडिओ फोनमध्ये तसाच ठेवला, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेली फाइल दाबली जाते आणि धूसर होते.

पंधरा दिवस शांतता. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे पाठपुरावा करतात. तिथेही अडलं असतं, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. मात्र धंद्याचा माल असेल तर 'तुम्ही ग्राहक नाही' असा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठीचा छोटा स्वयंरोजगार असेल, तर कायदा सवलत देतो.

माझं प्रकरण तिथवर गेलं नाही. कंपनीने ७,५०० दिले, भाडं नाही दिलं. 'पूर्ण व अंतिम समझोता' असं लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात आल्यावरच सही केली, कारण त्या सहीनंतर पुन्हा काही मागता येत नाही. ९०० रुपये सोडले, याची थोडी चुटपुट आहे. पण तंबोरा परत मिरजेला पाठवला नाही. काकांचा भाचा नागपूरला येणार होता, तो नवा भोपळा मांडीवर घेऊन आला.

तुमचा असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि पुढचं पार्सल घ्यायला जाल, तेव्हा खिशात पेन असू द्या. भेटू पुढच्या भागात!