तीनच वचनं

(बंगळुरूतल्या आमच्या संस्थेच्या विद्यार्थी परिषदेच्या शपथविधीत अध्यक्ष म्हणून केलेलं भाषण, मराठीत.)



शपथ घेऊन झाली. ती संस्थेने लिहून दिलेली होती. आता माझी वचनं सांगते. परिषदेला फी माफ करता येत नाही, प्रवेश देता येत नाही, कुणाला शिक्षा करता येत नाही. म्हणून तसलं काही कबूल करणार नाही.

पहिलं वचन फीचं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आपल्या मूळ राज्याकडे करावा लागतो. म्हणजे शिकायचं बंगळुरूत आणि पैसे महाराष्ट्राकडून. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. तो थेट आपल्या खात्यात जमा होतो, पण कधी, ते आपल्या हातात नसतं. समजा, फीची शेवटची तारीख ३१ जुलै आहे आणि पैसे आले फेब्रुवारीत. मधले सहा महिने आपण थकबाकीदार! दंड चढतो, नोंदणी अडते, आणि घरचे व्याजाने पैसे काढतात. यापुढे शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी परिषद अर्ज क्रमांकांसह यादी करेल आणि डीनकडे लेखी मागणी करेल, की या विद्यार्थ्यांना दंड लावू नये, नोंदणी रोखू नये. मागणी मान्य होईलच असं मी म्हणत नाही. यादी वेळेत पोचेल आणि उत्तर लेखीच घेतलं जाईल, एवढं माझं वचन. पैसे आल्यावर फी लगेच भरायची, हे मात्र तुमच्याकडे. एकाने उशीर केला तर पुढच्या वर्षी सगळ्यांचंच अडेल.

दुसरं वचन तक्रारीचं. यूजीसीच्या २०१२च्या समता नियमांनुसार संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायलाच हवा. वर्गात कुणाला 'रिझर्व्हड' म्हणून दाखवून देणं हासुद्धा त्या नियमांत भेदभाव आहे. गंमत म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ती. तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लागायला हवा. पण अधिकाऱ्याचं नावच कुणाला माहीत नसेल, तर दिवस मोजणार कुठून? सोमवारपर्यंत त्यांचं नाव, खोली आणि फोन प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर लागेल. तक्रार लेखीच द्या, तारखेची पोच घ्या. आमच्या वहीत फक्त क्रमांक आणि तारीख राहील, नाव नाही. एकसष्टाव्या दिवशी परिषद लेखी विचारणा करेल. चौकशी आम्ही करणार नाही, तो आमचा अधिकारही नाही.

तिसरं छोटं आहे. परिषदेचा खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला फलकावर लागेल, आजच्या हारतुऱ्यांसकट.

शिष्यवृत्तीच्या यादीचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत. जाताना घेऊन जा. अर्ज क्रमांक आत्ता पाठ नसेल तर उद्या भरून द्या.