तीन अंकांची भाषा आणि चौविहार

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त बपेरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील एका ओळीपुरता मर्यादित आहे. औषधाच्या नावापुढे १-०-१, १-१-१ किंवा ०-०-१ असे तीन अंक लिहिलेले असतात. बपेऱ्याहून उपचारासाठी कोणी तुमसरला जातो, कोणी भंडारा-नागपूरला, तर कोणी सीमेपलीकडे बालाघाटला. तेथील डॉक्टरांची भाषा मराठी असो वा हिंदी, हे तीन अंक सर्वत्र सारखेच असतात. मात्र सूर्यास्तानंतर मुखात काहीही न घालण्याचा नियम पाळणाऱ्या आपल्या घरांत यांतील शेवटच्या अंकापाशी एक अडचण उभी राहते. तिचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम या अंकांचा अर्थ पाहू. पहिला अंक सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा. अंक किती मात्रा घ्यावयाची ते सांगतो आणि त्याचे स्थान केव्हा घ्यावयाची ते सांगते. शून्य म्हणजे त्या वेळी ते औषध नाही. त्यामुळे १-०-१ म्हणजे सकाळी एक व रात्री एक, आणि ०-०-१ म्हणजे केवळ रात्री एक. चार अंक असतील तर बहुधा सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र असा क्रम असतो. तो विचारून खात्री करून घ्यावा.

वाचन बरोबर झाले की नाही, हे पडताळण्याची एक सोपी रीत आहे. तिन्ही अंकांची बेरीज करावी आणि तिला दिवसांनी गुणावे. १-०-१ पाच दिवस, म्हणजे दोन गुणिले पाच, दहा गोळ्या. १-१-१ सात दिवस, म्हणजे एकवीस. हातात आलेल्या गोळ्या या संख्येशी जुळत नसतील, तर चिठ्ठी वाचण्यात, दुकानातून देण्यात किंवा दिवस समजण्यात कोठेतरी फरक पडला आहे, असे समजून दुकान सोडण्यापूर्वीच विचारावे.

पाकिटावर लिहिताना लिपीचाही घोटाळा होतो. मराठी एकचा आकडा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी चारचा आकडा इंग्रजी आठसारखा दिसतो. घरातील आजोबा मराठी आकडे वाचणारे आणि नातू इंग्रजी आकडे वाचणारा, असे असेल तर पाकिटावर आकड्यांऐवजी ‘सकाळी एक, रात्री एक’ असे अक्षरांत लिहून घेणे उत्तम. इन्सुलिनपुढे १०-०-८ असे लिहिलेले असेल, तर ते आकडे युनिटचे असतात. काही औषधे आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असतात, उदाहरणार्थ सांधेवातावरील मेथोट्रेक्सेट. आठवड्याचा वार या तीन अंकांत मावत नाही. अशी गोळी १-०-० समजून रोज घेतली गेल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून अशा गोळीच्या पाकिटावर वाराचे नाव लिहिलेलेच हवे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चिठ्ठीवरील ‘रात्र’ म्हणजे डॉक्टरांच्या मनात सामान्यतः रात्रीचे जेवण, म्हणजे आठ-नऊचा सुमार असतो. आपल्या घरातील शेवटचा घास मात्र सूर्यास्तापूर्वी होतो. चौविहार करणारा श्रावक अशन, पान, खादिम व स्वादिम या चारही आहारांचा त्याग करतो, त्यामुळे गोळीबरोबरचे पाणीही वर्ज्य ठरते. मग १-०-१ मधील शेवटचा एक सूर्यास्तापूर्वी घेतला जातो. हे चालेल की नाही, याचे उत्तर औषधागणिक आणि ऋतूगणिक वेगळे आहे.

ऋतूचा हिशेब आधी मांडू. आपल्या परिसरात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्योदय सुमारे पावणेसातला आणि सूर्यास्त सुमारे साडेपाचला होतो. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे साडेसातच्या सुमारास येते. सकाळची गोळी ७.३५ ला आणि शेवटची ५.१५ ला घेतली, तर दिवसाचे अंतर ९ तास ४० मिनिटे आणि रात्रीचे अंतर १४ तास २० मिनिटे होते. जूनच्या उत्तरार्धात सूर्योदय साडेपाचच्या व सूर्यास्त सातच्या आसपास असतो. तेव्हा सकाळी ६.२० आणि सायंकाळी ६.४० अशा वेळा धरल्या, तर अंतर १२ तास २० मिनिटे आणि ११ तास ४० मिनिटे होते. म्हणजे तोच नियम, तीच गोळी. पण उन्हाळ्यात १-०-१ जवळजवळ बरोबर बारा तासांवर बसते आणि हिवाळ्यात रात्र लांबते.

आता औषधांचा विचार एका उदाहरणाने करू. हे उदाहरण केवळ समजण्यासाठी रचलेले आहे. मधुमेह असलेले, नित्य चौविहार करणारे एक श्रावक डिसेंबरात दाढेच्या संसर्गासाठी आणि सर्दीसाठी डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या चिठ्ठीवर चार औषधे आहेत: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम १-०-१ जेवणानंतर, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम १-०-० न्याहारीसोबत, अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम १-१-१ सात दिवस आणि सेटिरिझिन १० मिलिग्रॅम ०-०-१.

मेटफॉर्मिनचा संबंध जेवणाशी आहे. पोटात अन्न असताना घेतल्यास मळमळ व जुलाब कमी होतात. येथे ‘रात्र’ म्हणजे वस्तुतः ‘दुसरे मोठे जेवण’. ते जेवण पाचला झाले, तर गोळीही त्यासोबत पाचला सरकते आणि सहसा काही बिघडत नाही.

अमॉक्सिसिलिनची गोष्ट वेगळी आहे. १-१-१ लिहिताना डॉक्टरांना आठ-आठ तासांचे अंतर अभिप्रेत असते, परंतु ते अंतर अंकांत दिसत नाही. रक्तातील या औषधाचे प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते, आणि ते पुरेसे असेल तोवरच जंतूंवर प्रभाव राहतो. आपल्या श्रावकांनी ७.३५, १२.२५ व ५.१५ ला कॅप्सूल घेतल्या, तर दिवसा दोन अंतरे प्रत्येकी पावणेपाच तासांच्या आसपास आणि रात्रीचे अंतर सव्वाचौदा तासांहून अधिक होते. एकवीस कॅप्सूल बरोबर संपतात, मोजणीत दोष दिसत नाही. पण प्रत्येक रात्रीचा मोठा भाग औषधाविना जातो. तीन दिवसांनंतरही ताप उतरला नाही, सूज वाढली किंवा तोंड उघडणे कठीण झाले, तर डॉक्टरांकडे परत जावे आणि आपण कोणत्या वेळी औषध घेतले ते घड्याळाच्या भाषेत सांगावे. एरवी औषध लागू पडत नाही असा समज होऊन अधिक तीव्र औषध दिले जाण्याचा संभव असतो.

यावरील उपाय सोपा आहे, मात्र तो चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वी करावयाचा असतो. ‘डॉक्टरसाहेब, मी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही, सकाळी साडेसात ते सायंकाळी सव्वापाच एवढ्यातच मला औषध घेता येते,’ हे वाक्य तपासणीच्या वेळीच सांगावे. आजारास योग्य असेल तर डॉक्टर दिवसातून दोनदा किंवा एकदाच घ्यावयाचे औषध निवडू शकतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे दिवसातून एकदा घेण्याच्या प्रतिजैविकाचे परिचित उदाहरण आहे. निवड मात्र त्यांची. आपण होऊन १-१-१ चे १-०-२ किंवा १-०-१ चे २-०-० करणे सर्वथा टाळावे. बेरीज तीच राहते, पण एका वेळची मात्रा दुप्पट होते.

सेटिरिझिनचा रात्रीचा अंक झोपेशी निगडित आहे. या गोळीने काहींना गुंगी येते, म्हणून ती रात्री देतात. ती सव्वापाचला घेतल्यास गुंगीचा काळ नेमका सायंकाळच्या प्रतिक्रमणाच्या व घरी परतण्याच्या वेळी येतो. त्या दिवशी दुचाकी चालवू नये आणि वृद्धांनी अंधारात पायऱ्या उतरताना कोणाचा तरी हात धरावा.

उरली ग्लिमेपिराइडची १-०-०. रात्री शून्य असल्याने चौविहाराशी तिचा विरोध नाही. धोका आहे तो उपवासाच्या दिवशी. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडावयास लावते. पोटात अन्न गेले नाही तरी ती आपले काम करते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, हातांची थरथर, धडधड, एकाएकी लागलेली भूक आणि बोलण्यातील गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. उपवासाने अशक्तपणा आला असे समजून घरचे त्या श्रावकांना निजवून ठेवतात, आणि तेच घातक ठरते. शुद्धीवर असतील तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. म्हणून पर्युषणात वा आयंबिल-उपवासाच्या दिवशी १-०-० चा तो एक कायम ठेवावयाचा की शून्य करावयाचा, हे पच्चक्खाण घेण्याच्या काही दिवस आधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे केल्यावाचून उपवास करूच नये.

येथे कोणी विचारील की, रात्रीचे औषध अपरिहार्य असेल तर व्रताचे काय? पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत. तीव्र व्याधीने समाधी ढळत असता औषध घेण्याची मोकळीक देणारा सर्वसमाधिप्रत्ययिक आगार त्यांपैकीच एक होय. चौविहाराऐवजी पाण्याची मोकळीक असलेला तिविहार घ्यावा काय, हाही विचार करता येतो. याचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. तो गुरुमहाराजांना विचारावा. माझे सांगणे एवढेच की, त्यांनाही गोळीचे नाव न सांगता तिची वेळ, तिचे कारण आणि ती टाळल्यास काय होईल, हे डॉक्टरांकडून समजून घेऊन सांगावे, म्हणजे त्यांना मार्गदर्शन करणे सुकर होईल.

२०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असा नियम केला. नाव सुवाच्य झाले तरी तीन अंकांमागील घड्याळ चिठ्ठीवर उमटत नाही. ते आपणच लिहून घ्यावयाचे आहे. प्रत्येक पाकिटावर तीन अंकांच्या खाली आपल्या घरच्या तीन वेळा लिहाव्यात, आणि दिवस लहान होऊ लागला की त्या पुन्हा तपासाव्यात.