पाय कुठे आहे, ते आधी ठरवा

फौजेत असताना आमच्या ट्रकांना गव्हर्नर असे. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी ठरलेल्या वेगापुढे गाडी जात नसे. निवृत्तीनंतर घेतलेल्या मोटारीत तसाच एक प्रकार दिसला. फरक एवढाच की इथे मर्यादा मी स्वतः ठरवायची. त्याचं नाव स्पीड लिमिटर. स्टिअरिंगवर त्याच्याच शेजारी क्रूझ कंट्रोलचं बटण आहे. दोन्ही एकच असं मी बरेच दिवस समजत होतो, आणि ती समजूत मला महागात पडता पडता राहिली.

आधी फरक सांगतो. क्रूझ कंट्रोल वेग राखतो. तुम्ही १०० वर सेट केलं की पाय उचला, गाडी १०० ने जात राहते. लिमिटर वेग राखत नाही, फक्त अडवतो. पाय ॲक्सिलरेटरवर तुमचाच असतो. पाय उचललात तर गाडी मंदावते, दाबलात तर ठरवलेल्या आकड्यापर्यंतच जाते. ब्रेक दाबला की क्रूझ सुटतो, लिमिटर मात्र तसाच लागू राहतो. अगदीच निकड पडली तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, की बहुतेक गाड्यांत लिमिटर तात्पुरता सोडतो.

आता माझा किस्सा. आम्ही राहतो बडोद्याला. अहमदाबाद-बडोदा एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा, सरळ आणि सपाट. तिथे क्रूझ लावून जाण्याची मला सवय. एकदा पुण्याहून परतताना मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तसाच क्रूझ १०० वर लावला. लोणावळ्यापुढे घाट सुरू होतो आणि मोटारीची मर्यादा १०० वरून ६० वर येते. पाटी दिसली, मी ब्रेक दाबला, क्रूझ सुटला. इथवर ठीक.

घाटात वेग ५५ झाला. वाटलं, आता ६० वर क्रूझ लावू. अंगठा SET- ऐवजी RES+ वर पडला. रिझ्यूम म्हणजे आधीचा लक्षात ठेवलेला वेग पुन्हा धर. गाडीच्या लक्षात १०० होते. उतारावर इंजिनाने जोर घेतला. सौ. शेजारी होत्या. "अहो, समोर ट्रक आहे!" असं त्या ओरडल्या तेव्हा माझा पाय जमिनीवर निवांत टेकलेला होता. तिथून ब्रेकवर यायला जो क्षण गेला, तो फार लांब वाटला. ट्रक थोडक्यात चुकला. गाडीत बिघाड काहीच नव्हता. तिने सांगितलं तेच केलं.

घरी येऊन मॅन्युअल वाचलं, तेव्हा आणखी एक गोष्ट उमगली. माझ्या गाडीचा साधा क्रूझ आणि लिमिटर, दोघेही फक्त इंजिनाची ताकद कमी करतात, ब्रेक लावत नाहीत. उतारावर गाडी वजनाने पळू लागली की ६० चे ७० होतात. लिमिटर फार तर पीं-पीं करून सांगतो. घाटात वेग धरायचा तो खालच्या गिअरने आणि ब्रेकने.

हाच नियम पाटीपाशीही लागू पडतो. पाटीपाशी आकडा १०० चा ६० केला म्हणून गाडी लगेच ६० वर येत नाही. नुसता पाय उचलल्यावर दर सेकंदाला वेग अडीच किलोमीटरने घटतो असं धरा. चाळीस कमी व्हायला सोळा सेकंद लागले, आणि तेवढ्यात गाडी साडेतीनशे मीटर पुढे गेली. उतार असेल तर आणखी पुढे. म्हणून पाटी दुरून दिसताच पाय उचलायचा, गरज पडली तर ब्रेक लावायचा, आणि वेग खाली आल्यावर नवा आकडा सेट करायचा.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. मर्यादा बराच वेळ एकच असेल, रस्ता मोकळा आणि सपाट असेल, तर क्रूझ. गावं, वळणरस्ते, चालू कामं यांमुळे दर काही किलोमीटरला ८०, ५०, पुन्हा ८० असं होत असेल, तर लिमिटर. तिथे पाय पेडलवरच असतो, त्यामुळे ब्रेकवर जायला वेळ लागत नाही, आणि चुकून मर्यादा ओलांडली जात नाही. मर्यादा वाढली की आकडा वाढवायचा. गाडी आपणहून उसळत नाही, कारण वेग घेणारा पाय आपलाच असतो.

आणि क्रूझवरून कमी मर्यादेच्या टापूत शिरताना मी आता तो नुसता ब्रेकने सोडत नाही, मुख्य बटणानेच बंद करतो. माझ्या गाडीत त्याने जुना आकडा पुसला जातो. तुमच्या गाडीत पुसला जातो का, हे आज पार्किंगमधून निघण्याआधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

जय हिंद.